वरच्या मजल्यावरच्यांना पत्र

पुण्यातल्या आमच्या शेजारच्या काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. जिना आता चढवत नाही, लेक नागपूरला बोलावते आहे आणि घर विकल्याशिवाय पुढच्या औषधपाण्याची सोय होत नाही. वरच्या मजल्यावर चौदा वर्षांपासून एकच कुटुंब राहतं. त्यांना हे तोंडी सांगताना आपल्याला रडू येईल, म्हणून काकूंनी पत्र लिहायचं ठरवलं आणि कच्चा मसुदा माझ्यापुढे ठेवला.

मसुदा फार सुंदर होता. मुलीचं बारसं, करोनात वरून रोज खाली येणारा डबा, सगळं होतं. घर विकायची गोष्ट मात्र तिसऱ्या पानावर, तीही अशी: ‘विकावं लागेल असं वाटतं, पण तुम्हाला हवं तेवढे दिवस राहा.’

या एका वाक्यासाठी आम्ही दुपारभर बसलो. घेणाऱ्याला रिकामं घर हवं असतं. साठेखतात ताबा कधी देणार ती तारीख लिहावी लागते आणि ती पाळली नाही तर अडचणीत काकूच येतात. वाचणाऱ्याचंही नुकसान असतं. ‘वाटतं’ वाचून तो घर शोधायला लागत नाही, आणि मग ऐन वेळी धावपळ होते.

आधी काकूंचा कागद पाहिला. वरच्यांशी दर वेळी अकरा महिन्यांचा, नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार होत आला होता. चालू करार 1 जुलैला सुरू होऊन 31 मेला संपणार होता. बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो, पण अशा करारात घर वापरायची मुदतीपुरती परवानगी असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदत संपली की जागा सोडावी लागते. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई मागता येते.

पेठेतल्या जुन्या वाड्यात पिढ्यानपिढ्या पावतीवर राहणाऱ्यांची गोष्ट अगदी वेगळी. भाडेकरूला बाहेर काढण्याची जी कारणं कायद्याने मोजून दिली आहेत, त्यांत ‘मला घर विकायचं आहे’ हे कारण नाही. वाडा विकला तर भाडेकरू तिथेच राहतो, मालक तेवढा बदलतो. अशा घरी कितीही मायेचं पत्र आलं तरी ती विनंतीच असते, आणि तो घर सोडणार असेल तर कशाच्या बदल्यात, हे दोघांनी बसून ठरवायचं असतं. म्हणून पत्र लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्यानेही आधी कागद काढून पाहावा.

मग काकूंनी पत्र नव्याने लिहिलं. वर नेहमीसारखं ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, आणि लगेच: ‘मला हे घर विकावं लागतं आहे. 31 मेला आपला करार संपेल, तो पुढे वाढवता येणार नाही. आज 5 जानेवारी. छकुलीची परीक्षा एप्रिलमध्ये आटोपेल आणि जूनमध्ये शाळा उघडण्याआधी तुम्ही नव्या घरी असाल, हा विचार करून आत्ताच कळवते.’ करारात एक महिन्याची नोटीस पुरेशी होती. त्यांनी जवळजवळ पाच महिने दिले. माझ्या मते त्या पत्रातली खरी माया या तारखेतच होती.

डिपॉझिटचं पहिल्या मसुद्यात नावही नव्हतं. साठ हजार रुपये कधीचेच घरखर्चात गेले होते. साठेखताच्या वेळी मिळणाऱ्या रकमेतून तेवढे बाजूला काढायचे असं ठरलं, आणि पत्रात आलं: ‘किल्ली द्याल त्याच दिवशी पूर्ण साठ हजार. भिंतीच्या रंगाचे पैसे मी कापणार नाही.’ घर बघायला येणाऱ्यांसाठी रविवारी दहा ते बारा एवढीच वेळ, तीही आदल्या दिवशी विचारून. ‘पुढच्या घरमालकाने चौकशी केली तर माझा नंबर द्या’ हे काकूंनी स्वतःहून घातलं. घर तुम्हीच घेता का, हेही विचारलं. कायद्याने तसं विचारायची सक्ती नव्हती, पण त्यांना विचारल्यावाचून राहवेना.

बारसं आणि डबा शेवटच्या परिच्छेदात गेले. काकूंना आधी ते रुचलं नाही. मी म्हटलं, बातमी कळल्यावरच ते शांतपणे वाचता येईल.

पत्राच्या दोन प्रती केल्या. एकीवर पोच घ्यायची म्हणताना काकू संकोचल्या, घरच्यांकडून कसली सही घ्यायची! पण उद्या लेकीला व्यवहार बघावा लागला तर तिला हा कागद लागेल, हे त्यांना पटलं.

संध्याकाळी वरचे दादा खाली आले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्या प्रतीवर सही करून तारीख घातली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी एवढंच विचारलं, “काकू, किल्ली तुमच्याच हातात द्यायची ना?”