पन्नास की एकशे तीस?

सहावीतल्या एका मुलाची वही. पानावर एक कोन काढलेला आहे, काटकोनाहून बराच अरुंद. त्याखाली मुलाने लिहिलं आहे, १३० अंश. बाईंनी लाल फुली मारून शेजारी ५० लिहिलं आणि पुढची वही घेतली. आपलं काय चुकलं हे मुलाला कळलेलं नाही. कोनमापक त्याने नीट ठेवला होता, भुजा रेषेवर बसली होती आणि दुसऱ्या भुजेपाशी १३० हा आकडा खरोखरच छापलेला होता. त्याच रेघेपाशी ५० हाही आकडा छापलेला होता. दोघांपैकी कोणता घ्यायचा हे कोनमापक सांगत नाही.

कंपासपेटीतला नेहमीचा अर्धगोल कोनमापक डोळ्यांसमोर आणा. कडेने एकेक अंशाच्या १८० बारीक रेघा आणि दर दहा अंशांना दोन आकडे, एक बाहेरच्या रांगेत, एक आतल्या. बहुतेक कोनमापकांवर बाहेरची रांग डावीकडून शून्याने सुरू होऊन उजवीकडे १८० ला संपते आणि आतली बरोबर उलटी जाते. पुणे-सातारा रस्त्याच्या प्रत्येक दगडावर पुण्यापासूनचं आणि साताऱ्यापासूनचं अशी दोन्ही अंतरं लिहावीत, तसाच हा प्रकार आहे. कुठल्याही दगडावरच्या दोन आकड्यांची बेरीज सारखीच येणार. कोनमापकावर ती १८० येते. म्हणून चुकीच्या रांगेतलं वाचन कसंही भरकटत नाही. ५० चे १३० होतात, ७० चे ११०, १५ चे १६५. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने मुलाचं उत्तर १८० मधून वजा करून पाहावं. बरोबर उत्तर आलं, तर मुलाला मोजता येतं, फक्त रांग चुकली आहे.

यावर पुष्कळदा एक झटपट नियम शिकवला जातो: भुजा उजवीकडे असेल तर आतले आकडे वाच, डावीकडे असेल तर बाहेरचे. हा नियम मला मान्य नाही. सगळ्या कोनमापकांवर आकड्यांची मांडणी एकसारखी असेलच असं नाही. शेजाऱ्याचा कोनमापक मागून घेतला की पाठ केलेला नियम उलटा पडू शकतो. शिवाय कोन नेहमी आडव्या भुजेवर उभा नसतो. त्रिकोणाच्या वरच्या टोकाचा कोन मोजायचा, तर कोनमापक तिरका किंवा उलटा फिरवावा लागतो. मग उजवं कुठलं आणि डावं कुठलं?

मुलाला एवढंच सांगावं की आकडा वाचायचा नसतो, शून्यापासून मोजत जायचं असतं. आधी कोनमापकाचा मध्यबिंदू कोनाच्या शिरोबिंदूवर ठेवायचा. मग शून्यातून जाणारी रेषा एका भुजेवर बसवायची. आता त्या भुजेवर बोट ठेवायचं आणि तिथे शून्य कोणत्या रांगेत आहे ते पाहायचं. तिथल्या दोन आकड्यांपैकी एक १८० असतो, दुसरा शून्य. ज्या रांगेत शून्य आहे तीच आपली रांग. बोट त्याच रांगेवरून दुसऱ्या भुजेकडे सरकवत मोठ्याने म्हणायचं, शून्य, दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास. वर्गात हे पोरकट वाटतं आणि वेळही खातं, पण पहिले काही दिवस हे बोट सोडू देऊ नये.

बोट सरकवण्याचा आणखी एक फायदा आहे. भुजा ५० आणि ६० यांच्या मध्ये पडली की बारीक रेघा मोजाव्या लागतात, आणि वाचनाच्या सवयीने मुलं त्या डावीकडून उजवीकडे मोजतात. आतली रांग तर उजवीकडून डावीकडे वाढते. मग ५४ अंशांचा कोन मोजताना मूल ६० पासून सहा रेघा मोजतं आणि ६६ लिहून मोकळं होतं. बोट ५० वरून पुढे निघालं असेल तर चौथी रेघ ५४ लाच भेटते.

मोजण्याआधी अंदाज करायलाही लावावं. कागदाचा कोपरा शिरोबिंदूवर ठेवला की कोन त्याहून लहान आहे की मोठा ते दिसतं. लहान असेल तर तो लघुकोन, म्हणजे उत्तर ९० च्या आत. मोठा असेल तर विशालकोन, म्हणजे ९० च्या पुढे. आपल्या वहीतला १३० इथेच पकडला गेला असता. मात्र या युक्तीचा भरवसा सगळीकडे सारखा नाही. ८८ अंशांचा कोन आणि ९२ अंशांचा कोन यांतला फरक डोळ्यांना कळत नाही आणि थोडा झिजलेला कोपरा तर फसवतोच. काटकोनाच्या आसपास अंदाज थकतो. तिथे शून्यापासून चालत जाणं हाच उपाय.

दोन रांगा आहेतच कशाला, हे मुलांना कळलं तर गोंधळ मुळापासून सुटतो. त्यासाठी छापील कोनमापक थोडा वेळ बाजूला ठेवावा. एनसीईआरटीच्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’ या २०२४ च्या पुस्तकातही कागदाच्या घड्या घालून कोनमापक बनवायला लावलं आहे. घरी करायचं तर वाटीभोवती वर्तुळ काढा, ते कापून बरोबर अर्धं करा. सरळ कडेचा मध्य म्हणजे शिरोबिंदू. त्या बिंदूतून अर्धवर्तुळाच्या तीन सारख्या घड्या घाला. पहिल्या झटक्यात त्या सारख्या येत नाहीत, कडा एकमेकींवर बसेपर्यंत मागेपुढे कराव्या लागतात. मग हा तिपदरी तुकडा आणखी एकदा मधोमध दुमडा. उलगडल्यावर सहा सारख्या पाकळ्या दिसतील, प्रत्येक ३० अंशांची. आकडे अजून लिहू नका.

या कोऱ्या कोनमापकाने मुलांना कोन मोजू द्या. कोनात दोन पाकळ्या बसल्या तर ६० अंश, चार बसल्या तर १२०. इथे चुकीची रांग वाचताच येत नाही, कारण रांगच नाही. पाकळ्या उजवीकडून मोजा की डावीकडून, भुजांच्या मध्ये जेवढ्या आहेत तेवढ्याच निघतात. मग सांगा, दर वेळी पाकळ्या मोजायला नकोत, उजवीकडून निळ्या पेनाने ०, ३०, ६० असे आकडे घाला. आणि लगेच असा कोन द्या ज्याची आडवी भुजा डावीकडे आहे. निळे आकडे आता अडचणीचे होतात, वजाबाकी करावी लागते. लाल पेन हातात घेऊन डावीकडून दुसरी रांग लिहावी, हे बऱ्याचदा मुलंच सुचवतात. स्वतः लिहिलेल्या दोन रांगांत गल्लत करणारी मुलं कमी.

पुढची पायरी मला फार आवडते. छापील कोनमापक परत घ्या, पण या वेळी भुजा शून्यावर बसवू नका. मध्यबिंदू शिरोबिंदूवर असू द्या आणि भुजा कुठेही पडू द्या. समजा आतल्या रांगेत एक भुजा २० वर पडली आणि दुसरी ७० वर. फरक ५०. त्याच वेळी बाहेरच्या रांगेत त्या भुजा १६० आणि ११० वर आहेत. फरक पुन्हा ५०. कोनाचं माप म्हणजे एकाच रांगेतल्या दोन वाचनांमधला फरक, मग ती रांग कोणतीही असो. आता वहीतल्या मुलाकडे वळू. त्याची पहिली भुजा आतल्या रांगेत ० वर आणि बाहेरच्या रांगेत १८० वर होती. दुसरी भुजा आत ५० वर, बाहेर १३० वर. आतल्या रांगेने ५० वजा ० म्हणजे ५०, बाहेरच्या रांगेने १८० वजा १३० म्हणजे ५०. मुलगा निघाला आतल्या रांगेतल्या शून्यावरून आणि थांबला बाहेरच्या रांगेतल्या १३० वर. बाहेरची रांग वापरली म्हणून तो चुकला नाही, वाटेत रांग बदलली म्हणून चुकला. कडेचे आकडे पुसून गेलेला कोनमापकही या रीतीने वापरता येतो, हा वरचा फायदा.

एक चूक रांगेशी संबंधित नाही, पण तिच्याशी हमखास मिसळते. प्लॅस्टिकच्या बऱ्याच कोनमापकांवर शून्याची रेषा खालच्या कडेपासून काही मिलिमीटर वर असते. मूल पट्टीच्या सवयीने कडच भुजेवर टेकवतं. रेषा कडेपासून ५ मिलिमीटर वर आणि अर्धवर्तुळाची त्रिज्या ५ सेंटिमीटर धरली, तर ५० अंशांचा कोन सुमारे ४६ दिसतो. ९० अंशांच्या कोनात मात्र या चुकीने काहीच फरक पडत नाही, त्यामुळे काटकोन मोजून तपासणाऱ्या शिक्षकाला ती सापडत नाही. ती सापडते त्रिकोणात. ५०, ६० आणि ७० अंशांच्या त्रिकोणाचे तिन्ही कोन असे कड टेकवून मोजले, तर सुमारे ४६, ५७ आणि ६८ येतात, म्हणजे बेरीज १७१. रांगेची चूक वेगळी दिसते: ५० च्या जागी १३० वाचले तर बेरीज थेट २६० होते. पाच-दहा अंशांची तूट दिसली तर कोनमापक कसा ठेवला ते पाहावं, बेरीज खूपच हुकली तर रांग पाहावी. बेरीज १७९ किंवा १८१ आली तर मुलाला बोलू नये, पेन्सिलच्या टोकाची जाडीच तेवढी असते.

कोन काढताना हीच वाट. कोन अबक १२५ अंशांचा काढायचा आहे. मधलं अक्षर ब, म्हणून शिरोबिंदू ब. आधी बक ही भुजा काढायची, कोनमापकाच्या कडेबाहेर जाईल एवढी लांब. भुजा लांबवल्याने कोन मोठा होत नाही, हे सांगावंच लागतं, बऱ्याच मुलांना तसं वाटत असतं. मध्यबिंदू ब वर, शून्याची रेषा बक वर, क च्या बाजूचं शून्य ज्या रांगेत आहे तिथून बोट निघालं ते १२० च्या पुढे पाच रेघा गेलं, तिथे टिंब. कोनमापक उचलून टिंब ब ला जोडलं आणि पुढे अ नाव दिलं. तयार कोन काटकोनाहून अरुंद दिसला तर टिंब ५५ वर पडलं आहे.

शाळेसाठी कोनमापक घेताना तो स्वच्छ पारदर्शक आहे ना आणि मध्यबिंदूची खूण स्पष्ट दिसते ना, हे दुकानातच पाहून घ्या. दोन रांगा दोन रंगांत छापलेल्या असतील तर उत्तम. पण ‘लाल वाच’ असं मात्र मुलाला सांगू नका, ‘शून्य कुठे आहे ते दाखव’ असं विचारा.