टाकीच्या भिंतीतली बारीक भेग

पाण्याच्या काँक्रीट टाकीला तडे जातात, हे डिझाइन करणारा इंजिनिअर गृहीतच धरतो. घट्ट झालेल्या तळावर नवी भिंत ओतली, की ती तापते, मग थंड होताना आकसते. तळ मात्र तिला हलू देत नाही. मग भिंतीत उभ्या भेगा पडतात, आणि त्यांना आडव्या सळ्याच आवरतात.

सळ्या भेग थांबवत नाहीत. एका रुंद भेगेऐवजी अनेक बारीक भेगा पाडतात. आय.एस. ३३७० मध्ये रुंदीची मर्यादा साधारण ०.२ मिलिमीटर आहे. एवढ्या भेगेतून सुरुवातीला पाणी पाझरले, तरी चुन्याचे क्षार साचून ती बहुधा आपोआप बुजते. बाहेर उरतो पांढरा ओघळ.

समजा, १६ मिमीच्या सळ्या २०० मिमी अंतरावर आहेत. त्याऐवजी १२ मिमीच्या ११० मिमीवर बांधल्या, तर पोलाद जवळपास तेवढेच, पण काँक्रीटला चिकटणारा पृष्ठभाग सुमारे एक तृतीयांशाने वाढतो आणि भेगा बारीक होतात. बांधणाऱ्याची कटकट वाढते, हे खरे.

सळ्या फार दाटल्या, तर मात्र व्हायब्रेटरची सुई आत शिरत नाही, काँक्रीट पोकळ राहते आणि तिथूनच गळती सुरू होते.