तीन पॉइंट शिल्लक, तरी थांबा

सॉफ्टवेअर कंपन्यांत दर दोन आठवड्यांनी एक बैठक होते. पुढच्या दोन आठवड्यांत, म्हणजे एका ‘स्प्रिंट’मध्ये, टीमने काय करायचं हे तिथे ठरतं. कामाची प्रत्येक चिठ्ठी म्हणजे तिकीट. ही तिकिटं अर्थातच स्क्रीनवर असतात, आणि खेचत राहिलं तर ती संपत नाहीत.

स्क्रम पद्धतीचे जनक केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या मार्गदर्शिकेत महिनाभराच्या स्प्रिंटच्या नियोजनाला जास्तीत जास्त आठ तास दिलेले आहेत. त्या हिशेबाने दोन आठवड्यांना चार तास पुष्कळ झाले. बैठक लांबते ती बहुधा तिकिटं आधी उघडल्यामुळे. 2020च्या आवृत्तीत पहिला प्रश्न आहे तो ‘हा स्प्रिंट कशासाठी?’ हा. ‘काय करायचं’ आणि ‘कसं करायचं’ हे त्यानंतर.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली पाच जणांची टीम रुग्णालयासाठी अपॉइंटमेंटचं अ‍ॅप बनवते आहे. प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कोणतं काम आधी हे ठरवणारी व्यक्ती, बैठकीत म्हणते, “अपॉइंटमेंट बदलायची किंवा रद्द करायची असेल तर पेशंटला रिसेप्शनला फोन करावा लागू नये.” चांगलं उद्दिष्ट असं असतं. स्प्रिंट संपल्यावर ते साधलं की नाही, हे कोणालाही तपासता येतं. ‘अपॉइंटमेंट मॉड्यूल सुधारणे’ असं लिहिलं असतं, तर त्यात कुठलंही तिकीट बसलं असतं.

मग हाताशी दिवस किती ते मोजायचे. पाच जणांचे दहा दिवस म्हणजे पन्नास. बैठकांसाठी प्रत्येकी एक दिवस गेला, उरले 45. हा झाला नेहमीचा स्प्रिंट. या वेळी मध्येच गणेश चतुर्थी आहे, म्हणून पाच दिवस आणखी कमी. एक जण गणपतीला कोकणात जाणार, त्याचे आणखी चार. उरले 36, म्हणजे एरवीच्या ऐंशी टक्के. मागच्या तीन स्प्रिंटमध्ये 24, 27 आणि 21 पॉइंटचं काम पूर्ण झालं होतं; सरासरी 24. तिचे ऐंशी टक्के साधारण 19. अचानक येणाऱ्या तक्रारींसाठी यातून वेगळी वजाबाकी करायची नाही, कारण त्या मागच्या आकड्यांतच मुरलेल्या आहेत.

आता तिकिटं. वेळ बदलणे 5, रद्द करणे 3, रिसेप्शनच्या स्क्रीनवर बदल दिसणे 3, पेशंटला एसएमएस 5. शेवटच्या तिकिटावर एका डेव्हलपरने विचारलं, “एसएमएसचा मजकूर मंजूर झालाय का?” भारतात अशा मेसेजचा साचा दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत आधी नोंदवावा लागतो, आणि ती मंजुरी टीमच्या हातात नसते. म्हणून तिकीट फोडलं. अ‍ॅपमधलीच सूचना 3 पॉइंटची, ती आत. एसएमएस पुढच्या वेळी, मात्र अर्ज आजच. लॉगिनमधली एक चूकही अडथळा ठरत होती, तिचे 2. एकूण 16.

शिल्लक तीन. प्रॉडक्ट ओनरने लगेच सुचवलं, “डॉक्टरांचा मासिक रिपोर्ट तीनचाच आहे की!”

आकडा बरोबर बसतो, आणि नेमकी इथेच टीम फसते. पॉइंट सगळ्यांच्या कामाची गोळाबेरीज करतात. एकाच माणसापुढे लागलेली रांग त्यांत दिसत नाही. या पाच जणांत टेस्टर एकच. तिच्याकडे आठ दिवस आहेत खरे, पण तपासण्याजोगं पहिलं तिकीट तिच्या हाती चौथ्या दिवशी येणार. म्हणजे खरे दिवस पाच. घेतलेल्या तिकिटांची तपासणी साडेचार दिवसांची, आणि उरलेला अर्धा दिवस सापडलेल्या चुका पुन्हा तपासण्यात जाणार. रिपोर्टचा एक दिवस कुठून आणायचा? शिवाय त्याचा उद्दिष्टाशी संबंध नाही.

म्हणून तिकिटांचे एकेका दिवसाचे तुकडे पाडून ‘हे कोण करणार’ असं बैठकीतच विचारायचं असतं. दोनतीन तुकडे एकाच नावापाशी साचले, की थांबायचं. दुसरी खूण आवाजात सापडते. सुरुवातीला एका तिकिटावर दहा मिनिटं वाद घालणारे लोक नंतरच्या तिकिटावर प्रश्न न विचारता ‘तीन… हो, तीनच’ म्हणू लागले, तर तो अंदाज राहिलेला नसतो. लोकांना जेवायला जायचं असतं.

किती घ्यायचं, हे शेवटी काम करणारे ठरवतात. प्रॉडक्ट ओनर क्रम बदलू शकते, एक काढून दुसरं घाला असं म्हणू शकते, पण आकडा वाढवू शकत नाही. मॅनेजर खोलीत असला की हा नियम पाळणं अवघड जातं. 2011मध्ये मार्गदर्शिकेतून निवडलेल्या कामाची ‘बांधिलकी’ काढून तिथे ‘अंदाज’ आणला गेला, तरी कित्येक कार्यालयांत 16चा आकडा अजूनही शब्द दिल्यासारखाच वाचला जातो.

रिपोर्टचं तिकीट रांगेत सर्वांत वर ठेवलं गेलं. डेव्हलपर सातव्या दिवशी मोकळा झाला, तरी त्याने आधी टेस्टरकडची दोन तिकिटं तपासायला घ्यायची, असंही तिथेच ठरलं.