दिवे मालवण्यापूर्वीची दोन मिनिटं

स्नेहसंमेलनाला पालक येतात ते आपलं मूल रंगमंचावर पाहायला. कोळीनृत्यात ते तिसऱ्या रांगेत, कोपऱ्यात असलं तरी आईचा मोबाइल बरोबर त्याच्यावरच रोखलेला असतो. मुलांनी केलेल्या अ‍ॅनिमेशन फिल्म दाखवायच्या ठरल्या की पंचाईत होते ती इथेच. पडद्यावर मूल नसतंच. असते क्लेची शेळी, कागदाची कापलेली होडी, नाहीतर आपोआप चालणारा खोडरबर. पाच मिनिटांत मागच्या रांगा गप्पांना लागतात आणि वर्गशिक्षिका हिरमुसते.

म्हणून फिल्म सुरू होण्याआधी बाईंनी किंवा सरांनी जे दोन शब्द बोलायचे, त्यांचं खरं काम स्वागताचं नसतंच. आपलं मूल या फिल्ममध्ये कुठे आहे, ते प्रेक्षकांना शोधता आलं पाहिजे. त्यासाठी ही फिल्म बनते कशी, त्यातली एकच गोष्ट सांगावी लागते.

शाळेत बहुतेकदा स्टॉप मोशन करतात, कारण त्याला मोबाइल, तो घट्ट धरून ठेवणारा स्टँड आणि एक टेबल एवढंच लागतं. वस्तू थोडी सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं डोळ्यांसमोरून जातात. अ‍ॅनिमेशनमध्ये पुष्कळदा एकच चित्र दोनदा वापरून बारा नव्या चित्रांवर भागवतात आणि शाळेतही बाराचाच हिशेब सोयीचा पडतो. म्हणजे पन्नास सेकंदांच्या फिल्मला सहाशे फोटो.

हा आकडा नुसता सांगून मात्र उपयोग नाही. सभागृहात सहाशे काय आणि सहा हजार काय, सारखंच वाटतं. त्यातलं एकच दृश्य उलगडावं. समजा, शेळीला साठ सेंटिमीटरचं टेबल पाच सेकंदांत ओलांडायचं आहे. पाच सेकंद म्हणजे साठ फोटो, म्हणजे दर फोटोला शेळी एक सेंटिमीटर पुढे. एखाद्या मुलाने कंटाळून तीन-तीन सेंटिमीटर सरकवली तर वीस फोटोंतच टेबल संपतं आणि शेळी पावणेदोन सेकंदांत, वाघ मागे लागल्यासारखी पळून जाते. सातवीतली मुलं हे गणित वहीत शिकत नाहीत. पहिल्या दिवशी शेळी पळाली की दुसऱ्या दिवशी टेबलाच्या कडेला पट्टी चिकटवतात.

आता भाषण. सातवीच्या मुलांनी पाच फिल्म केल्या आहेत, सगळ्या मिळून सहा मिनिटांच्या, असं धरू. मी बाईंच्या जागी असते तर एवढंच बोलले असते:

‘नमस्कार. आता तुम्ही सातवीच्या मुलांनी केलेल्या पाच फिल्म पाहणार आहात. पाचही मिळून सहा मिनिटं. एक गोष्ट आधीच सांगते. यांत तुमचं मूल तुम्हाला दिसणार नाही, पण त्याचा हात सगळीकडे आहे. पहिल्या फिल्ममधली शेळी ही, एवढीशी. ती टेबल ओलांडते तेव्हा मुलांनी तिला साठ वेळा सरकवलं, साठ वेळा हात मागे घेतला आणि साठ फोटो काढले. पडद्यावर त्याला पाच सेकंद लागतील. चालताना तिची पाठ जरा थरथरेल, तिकडे नीट बघा. ते तुमच्या मुलांच्या बोटांचे ठसे आहेत, दर फोटोत नवे. दादासाहेब फाळक्यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी वाटाण्याचं रोप असंच थोडं थोडं टिपून पडद्यावर वाढवून दाखवलं होतं. आमचा कॅमेरा मोबाइलचा होता, रीत तीच. तिसऱ्या फिल्मला आवाज नाही. स्पीकर बंद पडलेला नाही, मुलांनी ती मुकीच ठेवली आहे. प्रत्येक फिल्म संपली की ती करणारी मुलं इथे पुढे येऊन उभी राहतील. टाळ्या तेव्हा वाजवा. दिवे बंद करा रे. शेळी येतेय.’

सावकाश बोललं तरी हे दोन मिनिटांच्या आत संपतं. सहा मिनिटांच्या फिल्मसाठी याहून मोठं प्रास्ताविक म्हणजे वराती मागे राहून घोडं पुढे जाण्यातला प्रकार.

यात काय नाही, तेही पाहावं. प्रमुख पाहुणे आणि संस्थेचे पदाधिकारी यांची नावं नाहीत. ती सूत्रसंचालनात आधीच येऊन गेलेली असतात. एकाही फिल्मची गोष्ट सांगितलेली नाही. एवढ्या छोट्या फिल्ममध्ये एकच गंमत असते. ती आधी सांगितली की उरतात नुसते फोटो. आणि मुख्य म्हणजे ‘मुलांनी केलंय, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या’ हे वाक्य नाही. आपल्याकडे ते सवयीने तोंडातून निघतं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. ते ऐकलं की प्रेक्षक चुका शोधायला बसतात, आणि त्या सापडतातच. मोबाइल स्वतःच उजेड कमीजास्त करत राहतो, खिडकीतलं ऊन ढगाआड जातं, कोणाची तरी सावली पडते, म्हणून फिल्म मध्येच उजळते, मध्येच काळवंडते. क्वचित एखाद्या फोटोत कोणाचा अंगठाही येतो. बाईंनी माफी मागितली असेल तर तो अंगठा ही चूक ठरते. हात शोधायला सांगितलं असेल, तर त्याच अंगठ्याला हशा मिळतो.

फाळक्यांचा उल्लेख एका वाक्यापुरताच ठेवला आहे. 1912 मध्ये त्यांनी केलेल्या त्या छोट्या चित्रपटाचं नाव ‘अंकुराची वाढ’. पुढे आगकाड्या हलवून त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ही केली. हे सगळं सांगण्याचा मोह होतो, पण तो वर्गासाठी राखून ठेवावा. मुलांच्या फिल्म हाताने चित्रं काढून केलेल्या असतील तर मात्र फाळक्यांऐवजी विजया मुळे यांच्या ‘एक अनेक और एकता’ची आठवण करून द्यावी. 1974 ची ही फिल्म दूरदर्शनवर पाहिलेले आजी-आजोबा आणि पालक सभागृहात हमखास असतात आणि ‘असं काहीतरी’ म्हटल्यावर त्यांना बाकी सांगावं लागत नाही.

नावांचा प्रश्न नाजूक आहे. फिल्मच्या शेवटी येणारी नामावली मागच्या रांगेतून वाचता येत नाही, आणि बाई तीस नावं वाचायला लागल्या तर निम्मं भाषण त्यातच जातं. शिवाय एखादं नाव राहिलं की त्या घरी वर्षभर ते विसरलं जात नाही. म्हणून मुलांनाच पुढे उभं करायचं. पालकांना चेहरा दिसतो, फोटो मिळतो, आणि तेवढ्या वेळात लॅपटॉपवरच्या मुलाला पुढची फिल्म लावता येते.

बोलायला उभं राहण्याआधी पहिल्या फिल्मचं पहिलं चित्र पडद्यावर थांबवून ठेवलेलं असावं आणि आवाज लॅपटॉपमधून नव्हे, सभागृहाच्या स्पीकरमधून येतोय हे कोणीतरी मागच्या भिंतीशी उभं राहून ऐकलेलं असावं. मैदानावर मांडव असेल तर हा कार्यक्रम अंधार पडल्यावरच ठेवावा, नाहीतर क्लेची तपकिरी शेळी तपकिरी टेबलात विरून जाते.

एवढं करूनही ऐन वेळी फिल्म अडकू शकते. ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असं म्हटलं की लोक उठायला लागतात. त्यापेक्षा हातातली शेळी पुढे सतरंजीवर बसलेल्या पहिली-दुसरीच्या मुलांकडे द्यावी आणि तिला सरकवणाऱ्या एखाद्या मुलीला माइक द्यावा. शेळीचा पाय कितव्या फोटोला तुटला आणि तो कसा चिकटवला, हे ती बाईंपेक्षा चांगलं सांगते.