लाल अक्षरांची धूसर कड

निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांची जाहिरात जेपेगमध्ये साठवली, की अक्षरांच्या कडा फिसकटतात. मग क्वालिटी वाढवली जाते. इमेजमॅजिकमध्ये ८९ वरून ९० वर गेलात, तर कडा एकदम स्वच्छ होतात आणि श्रेय त्या एका अंकाला मिळते. ते चुकीचे आहे. ९० पासून हा प्रोग्राम आपणहून रंग पूर्ण ठेवतो. त्याखाली सहसा 4:2:0 वापरतो, म्हणजे चार पिक्सेलना मिळून एकच रंग. हा तपशील क्वालिटीचे गणित सुरू होण्याआधीच जातो. म्हणून 4:2:0 तसेच ठेवून ९८ मागितले, तरी फाइल फुगते, कड धूसरच राहते.

त्यापेक्षा रंग पूर्ण ठेवा, क्वालिटी उतरवा:

```
magick a.png -quality 85 -sampling-factor 4:4:4 b.jpg
```

दुप्पट मोठे करून अक्षरांभोवती पाहा. बारीक किडे वळवळल्यासारखे ठिपके दिसले, तर दोन-तीन अंक वर चढा. मूळ चित्राशी फरक दिसेनासा झाला की थांबा. क्वालिटी ही टक्केवारी नव्हेच.

चेहरे, झाडी, आभाळ यांच्या फोटोंना मात्र 4:2:0 बहुधा पुरते, कारण आपला डोळा रंगापेक्षा उजेडातला फरक बारकाईने टिपतो.