बाळ रात्री पालथं पडलं तर?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वस्त्यांवर महिला मंडळाच्या बैठकीला गेलो की औषधपाण्याच्या गप्पा संपल्यावर एखादी तरुण आई हळूच मागे थांबते. मागच्या थंडीत कराडजवळच्या एका वस्तीवर अशीच एक थांबली. मांडीवर साडेपाच महिन्यांचा मुलगा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. म्हणाली, “ताई, ह्यो रात्री पालथा पडतोय. मी उताणा करते, परत पालथा. चार रात्री डोळ्याला डोळा न्हाई.”

आम्ही तिच्या घरी गेलो. बाळ जिथे झोपतं ती जागा बघितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

आधी पालथं झोपण्याची भीती का, ते समजून घेऊ. बाळाचं तोंड मऊ गादीत किंवा कापडाच्या घडीत रुतलं की त्याने सोडलेला श्वास तिथेच साठतो आणि तीच हवा ते पुन्हा आत ओढतं. प्राणवायू कमी पडत जातो. मोठं बाळ अशा वेळी जागं होऊन मान वळवतं. लहान बाळ मात्र पालथं असताना गाढ झोपतं आणि सहज जागं होत नाही. झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूंचा धोका पहिल्या सहा महिन्यांत, त्यातही दोन ते चार महिन्यांच्या काळात सर्वांत जास्त असतो. ब्रिटनमध्ये 1991 साली आणि अमेरिकेत 1994 साली ‘बाळाला उताणं झोपवा’ अशी मोहीम निघाली. पुढच्या काही वर्षांत तिथे असे मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले.

त्या घरातल्या आजी म्हणाल्या, “उताणं झोपवल्यावर दूध उलटून घशात गेलं म्हंजे?” शंका रास्त आहे, पण शरीराची रचना वेगळं सांगते. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध उताराने परत अन्ननलिकेतच जातं. पालथ्या बाळात हे उलटं होतं. म्हणून एक वर्षाचं होईपर्यंत, दिवसा असो की रात्री, प्रत्येक वेळी झोपवताना बाळाला उताणंच ठेवायचं. कुशीवरही नको, कारण कुशीवरून ते पटकन पालथं होतं.

मग ते स्वतःच पालथं पडलं तर? याचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं: त्याला परत उताणं होता येतं का? हे दिवसा तपासायचं. जागं असताना चटईवर सोडून बघा. उताण्याचं पालथं आणि पालथ्याचं उताणं, दोन्ही ते कुणाच्या मदतीशिवाय, अनेक वेळा आणि सहज करत असेल, तर रात्री त्याला उलटवत बसू नका. उताणं झोपवा आणि पुढे ते जसं झोपेल तसं झोपू द्या. आपली मान उचलायची, तोंड बाजूला करायचं आणि वळायचं बळ त्याच्यात आलेलं असतं.

एकाच बाजूने वळता येत असेल, म्हणजे पालथं होतं पण उताणं होता येत नाही, तर तुम्हाला जाग येईल तेव्हा त्याला हळूच उताणं करा. त्यासाठी रात्रभर पहारा देऊ नका. दमलेली आई पहाटे बाळाला पाजता पाजता तिथेच झोपी जाते आणि तिच्या अंगाखाली किंवा पांघरुणाखाली बाळ सापडू शकतं. हा धोकाही मोठा आहे. खरी राखण अंथरूण नीट घालण्यात आहे.

कराडच्या त्या बाळाला पालथं होता येत होतं, उताणं होता येत नव्हतं. ते कापसाच्या मऊ गादीवर, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, डोक्याखाली राईची उशी आणि ‘वळू नये म्हणून’ दोन्ही बाजूंना वाकळेच्या गुंडाळ्या लावून झोपत होतं. माया म्हणूनच सगळं केलेलं, पण प्रत्येक वस्तू धोक्याची होती. गुंडाळ्यांनी बाळ वळायचं थांबत नाही, उलट तोंड त्यांच्यात रुततं. दुपट्यात हात बांधलेले असले की पालथं पडलेल्या बाळाला हात टेकून मान वळवता येत नाही. बाळ वळायची धडपड करू लागलं की त्या दिवसापासून बांधणं बंद करायचं.

आम्ही आजींच्या मदतीने नवं अंथरूण घातलं. जमिनीवर चटई, वर सतरंजी, त्यावर ताणून खोचलेली सुती चादर. तळहाताने दाबून बघितलं, खड्डा पडला नाही. उशी, गुंडाळ्या, खेळणी सगळं बाजूला. थंडीसाठी पांघरुणाऐवजी अंगात दोन सुती आंगडी आणि पायात मोजे. घरात झोपताना टोपडं काढलं, कारण ते सरकून नाकातोंडावर येतं आणि डोकं झाकल्याने बाळ जास्त तापतं. हे अंथरूण आईच्या अंथरुणाशेजारी, हात पोहोचेल इतक्या अंतरावर, पण वेगळं. भिंत आणि अंथरूण यांत बाळ अडकेल अशी फट ठेवली नाही. मच्छरदाणी मोठी घेऊन तिच्या कडा अंथरुणाखाली खोचल्या, म्हणजे वळलेल्या बाळाच्या तोंडाला जाळी चिकटत नाही. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल किंवा दारू पीत असेल, तर त्याच्या अंथरुणात बाळ कधीच नको.

साडीची झोळी आणि सैल झालेली बाजही या वयात नको. दोन्हींत बाळ मध्ये खोलगट जागी जातं, हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अरुंद होते आणि वळता वळता खालीही पडू शकतं.

राहिला वळायचा सराव. आईला आम्ही सांगितलं, दिवसा बाळ जागं आणि खुशीत असताना दोन-तीन वेळा चार-पाच मिनिटं पोटावर ठेवायचं, समोर आपण बसायचं. पाजल्यावर लगेच नको. याने मान, खांदे आणि हात बळकट होतात. साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा बाळ चटईवर दोन्ही बाजूंनी वळत होतं. आईने रात्री त्याला उलटवायचं सोडून दिलं होतं आणि तीही झोपत होती.

दोन गोष्टी वेगळ्या धरा. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, तर वय जन्मतारखेवरून न मोजता मूळ अपेक्षित तारखेपासून मोजा. वळणं उशिरा येईल, ते चालतं. आणि चार महिने पूर्ण झाले तरी बाळ मान धरत नसेल किंवा अंग सैल वाटत असेल, तर आशाताईंना दाखवून डॉक्टरांकडे न्या.

रात्री बाळ पालथं दिसलं, ओठ निळसर असले किंवा हाक मारून तळपायावर टिचकी मारली तरी हललं नाही, तर लगेच उताणं करा आणि घरातल्या एकाला 108 ला फोन करायला सांगा. त्याला हलवू-झुलवू नका, उलटं धरू नका. श्वास नसेल तर आपलं तोंड बाळाच्या नाकातोंडावर ठेवून गालात मावेल एवढीच हवा हळू दोन वेळा द्या, मग एका तळहाताच्या टाचेने छातीच्या मध्यावर 30 वेळा भरभर दाबा. गाडी येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवा. हे एकदा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांकडून बाहुलीवर शिकून घ्या.

आज रात्री अंथरूण घालताना एवढंच करा: तळहाताने दाबून बघा, आणि बाळाच्या तोंडाजवळ जे जे मऊ आहे ते उचलून बाजूला ठेवा.