कल्याणकारी राज्य: पंचवीस टक्क्यांच्या उदाहरणातून उत्तर

'कल्याणकारी राज्य म्हणजे काय? बाजूचे व विरोधातले मुद्दे लिहा,' असा प्रश्न आला की विद्यार्थी राज्यघटनेतल्या अनुच्छेद 38 चा उल्लेख करतात आणि लगेच योजनांची यादी देतात. यादीत युक्तिवाद दिसत नाही. त्यापेक्षा एकच योजना घ्या आणि तिच्या पैशांचा हिशेब मांडा.

शिक्षण हक्क कायदा 2010 च्या 1 एप्रिलला लागू झाला. त्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळेला प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. सरकार शाळेला एका मुलामागे स्वतःच्या शाळांत होणारा खर्च किंवा त्या शाळेची फी, यांतली कमी रक्कम देतं. समजा, 40 मुलांच्या वर्गात प्रत्येक मुलाची फी 30,000 रुपये आहे आणि सरकारी दर 17,000. दहा मुलांमागे 1,30,000 रुपये कमी पडतात. शाळेने ते इतर तीस पालकांवर टाकले, तर प्रत्येकाला सुमारे 4,300 रुपये जास्त पडतील. प्रतिपूर्ती वर्ष-दोन वर्षं थकली, की शाळा कुरकुरतात त्या यामुळेच.

समर्थक म्हणतात, मुलाने पालक निवडलेले नसतात. त्याची शाळा बापाच्या पगारावर का ठरावी? विरोधक विचारतात, सरकारी शाळा सुधारायच्या सोडून खासगी शाळेला पैसे का मोजायचे? हा आक्षेप डावीकडूनही येतो, हे उत्तरात जरूर लिहा. उजवीकडचा आक्षेप वेगळा: शाळेवर सक्ती नको, करदात्यावर बोजा नको.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला सूट. दोनदा खर्च कशाला, हा त्यामागचा विचार एकदम टाकाऊ नव्हता. पण मूळ कायद्यात अशी सूट नाही आणि नियमाने कायदा बदलता येत नाही. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

आता आरोग्य. शिक्षणासाठी अनुच्छेद 21-अ आहे, आरोग्यासाठी तसा स्वतंत्र मूलभूत हक्क नाही. अनुच्छेद 47 हे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि ते मोडलं म्हणून थेट न्यायालयात जाता येत नाही. पण एका अपघातग्रस्ताला सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतलं नव्हतं, त्या प्रकरणात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तातडीचे उपचार जगण्याच्या हक्कात धरले. खाटा नाहीत, पैसे नाहीत, ही सबब मान्य झाली नाही.

निष्कर्ष लिहिताना 'समतोल हवा' एवढ्यावर थांबू नका. माझं मत विचाराल तर राज्याने पैसे द्यावेतच, पण स्वतःच्या शाळा आणि दवाखाने बंद करून नव्हे. तुमचं मत वेगळं असेल, तर वरच्या 1,30,000 रुपयांचं काय करायचं, तेही लिहा.